सोमवारच्या सात ओळी

महिना संपला की वर्गशिक्षक हजेरीपत्रकाची बेरीज करतात, टक्केवारी काढतात, आणि ती नव्वदीच्या आसपास असली की पान उलटलं जातं. पण त्या पानावरच्या टिंबांत आणि फुल्यांत बरंच काही दडलेलं असतं. अकरावी-बारावीची मुलं संगणकावर तक्ते करायला शिकतात, तेव्हा सरावासाठी याहून चांगली माहिती नाही. अट एकच: नावं खरोखर गेलेली हवीत.

पहिली चूक इथेच होते. नावाचा रकाना पुसला, हजेरी क्रमांक ठेवला, आणि काम झालं असं वाटतं. आपल्याकडे हजेरी क्रमांक बहुतेकदा आडनावांच्या अक्षरक्रमाने लागतात, बऱ्याच शाळांत आधी मुलं, मग मुली. सतरा नंबर कोणाचा हे अख्ख्या वर्गाला तोंडपाठ असतं. म्हणून क्रमांकही जायला हवा आणि ओळींचा क्रमही मोडायला हवा. शेजारच्या रकान्यात `=RAND()` लिहून, आलेल्या आकड्यांनुसार सगळ्या ओळी लावून घ्यायच्या आणि मग क१, क२ अशा नव्या खुणा द्यायच्या. रकाना नुसता लपवून ठेवला तर तो दोन क्लिकमध्ये परत दिसतो. सादरीकरणात चिकटवलेल्या आलेखासोबत कधी कधी मूळ फाइलच जोडून जाते. त्यामुळे नावं काढलेली माहिती नव्या, कोऱ्या फाइलमध्ये उतरवलेली बरी. हे सगळं वर्गशिक्षकांनी आधी करावं, मुलांच्या हाती फाइल त्यानंतरच जावी.

आता एक वर्ग कल्पू या. चाळीस मुलं, जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची हजेरी. वारानुसार गैरहजेरी मोजली तर गुरुवारी ९६ आणि सोमवारी ९०. स्तंभालेखात गुरुवारचा खांब उंच दिसेल आणि मुलं लगेच गुरुवारची कारणं शोधायला लागतील. पण सणासुदीच्या सुट्ट्यांमुळे सोमवारी शाळा पंधराच दिवस भरली, गुरुवारी वीस. चाळीस मुलांचे पंधरा सोमवार म्हणजे ६०० हजेऱ्या. त्यातल्या ९० चुकल्या, म्हणजे पंधरा टक्के. गुरुवारी ८०० पैकी ९६, म्हणजे बारा टक्के. आता उंच खांब सोमवारचा. सुट्टीच्या दिवसाची चौकट कोरी ठेवायची असते. तिथे शून्य भरलं गेलं तर संगणक अख्खा वर्ग गैरहजर धरतो आणि सगळा हिशेब बिघडतो. एका दिवशी चाळीसच्या चाळीस मुलं गायब दिसली, तर आधी दिनदर्शिका पाहावी.

सोमवार वाईट हे कळलं, पण कोणासाठी वाईट? त्यासाठी खांब सोडून चौकटींचं चित्र काढावं लागतं. प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ, प्रत्येक सोमवारचा एक उभा रकाना, गैरहजर असेल ती चौकट गडद. मग जास्त गडद चौकटींच्या ओळी वर आणायच्या. आपल्या वर्गात वरच्या सातच ओळी दाट भरलेल्या निघतात. ९० पैकी ४५ गैरहजेऱ्या या सात जणांच्या. उरलेल्या तेहतीस जणांच्या ४५ गैरहजेऱ्या ४९५ हजेऱ्यांत विखुरल्या आहेत, म्हणजे नऊ टक्के, गुरुवारपेक्षाही कमी. वर्गाला सोमवारचा कंटाळा आहे, हा निष्कर्ष इथे कोसळतो. आणि मला हा क्षण फार मोलाचा वाटतो, कारण ‘मुलं शिस्त पाळत नाहीत’ या तक्रारीच्या जागी एक नेमका प्रश्न उभा राहतो: सोमवारी या सात घरांत काय असतं?

चित्र तेवढंच विचारतं, कारण सांगत नाही. गावचा आठवडी बाजार सोमवारी असेल आणि मुलं आईवडिलांबरोबर भाजीच्या दुकानावर बसत असतील. त्या दिवशी एसटीची एखादी फेरी नसेल. ते वर्गशिक्षकांनी घरी जाऊनच समजून घ्यायचं.

इथे नावांचा प्रश्न परत दारात येतो. सोमवारी बाजारात कोण बसतं हे गावाला ठाऊक असतं, त्यामुळे क१ आणि क२ या खुणा वर्गातल्या कोणालाही दोन मिनिटांत उलगडतात. ऑगस्टमध्ये सलग दहा दिवस गडद असलेली ओळ पाहिली की टायफॉइड झालेली मैत्रीण सगळ्यांना आठवते. अशा वेळी आकृतीच नाव बनते आणि नावं पुसून उपयोग नसतो. उपाय साधे आहेत. मुलांच्या सरावासाठी दोन-तीन वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या तुकडीची हजेरी घ्यावी, तारखांऐवजी आठवडा पहिला, दुसरा असं लिहावं, आणि पाचपेक्षा कमी मुलांचा कोणताही गट वेगळा न दाखवता शेजारच्या गटात मिसळावा. चालू वर्गाचं चौकटींचं चित्र वर्गशिक्षकांच्या कपाटातच राहू द्यावं. फलकावर फक्त वारांचे पाच-सहा खांब लावावेत, शून्यापासून सुरू होणारे.