पडद्यावरचा पिनबॉल: चेंडू भिंतीतून आरपार का जात नाही?

विंडोज एक्सपीच्या काळात संगणक हाताळलेल्या बहुतेकांनी ‘स्पेस कॅडेट’ हा पिनबॉल खेळलेला असतो. `Z` आणि `/` ही बटणं दाबून फ्लिपर हलवायचे आणि चेंडू खाली पडू द्यायचा नाही. विंडोजच्या पुढच्या आवृत्तीत, म्हणजे व्हिस्टात, हा खेळ दिसेनासा झाला. त्यामागचं कारण मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी पुढे सांगितलं. हा खेळ ६४-बिट विंडोजसाठी तयार करताना चेंडूची टक्कर ओळखणारा भाग बिघडला. चेंडू प्लंजरवर यायचा आणि त्याच्यातूनच सावकाश खाली पडून टेबलाबाहेर जायचा. मूळ प्रोग्रॅम बाहेरच्या कंपनीने लिहिलेला होता आणि त्यात खुलाशाच्या टिपा जवळपास नव्हत्याच. चूक सापडेना, म्हणून खेळच वगळला.

पिनबॉलमध्ये टक्कर ओळखणं इतकं नाजूक का, ते थोड्या आकडेमोडीने कळतं. खऱ्या यंत्रातला स्टीलचा चेंडू २७ मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे ८० ग्रॅम वजनाचा असतो. टेबलाचा उतार साधारण साडेसहा अंशांचा. समजा, चेंडू सेकंदाला ३ मीटर वेगाने निघाला आहे. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. चेंडूची जागाही तेवढ्याच वेळा मोजली, तर दोन मोजण्यांमध्ये तो ५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे स्वतःच्या जवळजवळ दुप्पट अंतर. वाटेत बारीक रबरी खुंटी असेल, तर एका मोजणीत चेंडू तिच्या अलीकडे आणि पुढच्या मोजणीत पलीकडे. टक्कर झाल्याचं प्रोग्रॅमला कळतच नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि चांगले खेळ ते दोन्ही वापरतात. पहिला म्हणजे वेळेचे तुकडे बारीक करायचे. ‘व्हिज्युअल पिनबॉल’ हा संगणकावरचा प्रसिद्ध प्रोग्रॅम सेकंदाला हजार वेळा हिशेब करतो, त्यामुळे आपला चेंडू एका टप्प्यात फक्त ३ मिलिमीटर सरकतो. दुसरा उपाय मला अधिक देखणा वाटतो. चेंडू आता कुठे आहे हे न पाहता, या वाटेने गेला तर तो कशाला आणि नेमका कधी भिडेल, हे आधीच काढायचं. त्यासाठी प्रत्येक भिंत मनाने चेंडूच्या त्रिज्येएवढी, साडेतेरा मिलिमीटर, फुगवायची आणि चेंडूला नुसता बिंदू मानायचं. मग प्रश्न उरतो तो रेघ कुठे छेदते एवढाच. त्या क्षणापर्यंत चेंडू न्यायचा, त्याला उसळवायचं आणि उरलेला वेळ पुढे चालवायचा.

भिंत निदान जागची हलत नाही. फ्लिपर हलतो, आणि खरी कसोटी तिथेच लागते. समजा, साडेसात सेंटिमीटरचा फ्लिपर २५ मिलिसेकंदांत ५० अंश फिरला. त्याच्या टोकाचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २.६ मीटर येतो, तर मध्यावर त्याच्या निम्मा. साठच्या हिशेबात ही सगळी हालचाल दीड चित्रात संपते. एका चित्रात फ्लिपर खाली आणि पुढच्यात वर असा दाखवला, तर चेंडूला ढकलणारी मधली हालचालच गायब होते.

ती हालचाल खरोखर मोजली, की नेम आपोआप येतो. डाव्या फ्लिपरच्या टोकाजवळच्या चेंडूला जोराचा धक्का बसतो आणि फ्लिपर पूर्ण वर जाण्याआधीच चेंडू सुटतो, म्हणून तो पलीकडे, उजवीकडे जातो. मुळाजवळचा चेंडू जास्त वेळ चिकटून राहतो, फ्लिपर वर पोचल्यावर सुटतो आणि डावीकडेच जातो. खेळाडू याला बॅकहँड म्हणतात. एखाद्या खेळात बॅकहँड जमतच नसेल, तर त्यातल्या फ्लिपरचं गणित कच्चं आहे असं मी समजतो.

रबराचं गणितही सरळ नसतं. चेंडू हळू आदळला तर वेगाचा बराचसा भाग परत मिळतो, जोरात आदळला तर त्या मानाने कमी. उसळीचा एकच आकडा सगळीकडे लावला की वेगवान चेंडू अवास्तव उसळतो.

नियमांचा भाग मात्र या सगळ्यापासून वेगळा असतो. खऱ्या यंत्रातल्या संगणकाला चेंडू दिसत नाही. कुठला स्विच दाबला गेला एवढंच त्याला समजतं आणि त्यावरून तो गुण वाढवतो, दिवे लावतो, कॉइलना वीज देतो. म्हणून ‘पिनमेम’सारखे प्रोग्रॅम जुन्या यंत्राच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवतात. व्हिज्युअल पिनबॉलमधला चेंडू एखाद्या लक्ष्यावर आदळला, की त्या प्रोग्रॅमला स्विच दाबल्याचं कळवलं जातं आणि उलट त्याच्याकडून कॉइल चालवण्याचे हुकूम येतात. स्विच खरा आहे की मोजलेला, हे त्याला कळायला मार्ग नसतो. पुष्कळ यंत्रांमध्ये बराच वेळ एकही स्विच दाबला गेला नाही, तर चेंडू कुठेतरी अडकला असं धरून प्रोग्रॅम एकामागून एक कॉइल उडवून पाहतो. पडद्यावरचा चेंडू गणितातल्या एखाद्या चुकीमुळे टेबलाबाहेर निसटला, तरीही तो तेच करतो.