तुळशीबागेत भाव करावा, मॉलमध्ये लेबल वाचावं

ताईंनो, लग्नसराई जवळ आली की गटाच्या बैठकीत प्रश्न येतोच, "पुण्याला जायचंय खरेदीला, पण तिथं फसवतील का?" पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

एसटीने स्वारगेटला उतरलात की मेट्रोने पुढचंच स्टेशन मंडई. तिथून तुळशीबाग चालत जवळ. मधोमध रामाचं मंदिर आणि भोवती बाजार. इथं एकाच गल्लीत तीन तऱ्हेचे भाव चालतात, ते आधी ओळखायला हवेत. ज्या दुकानात 'एकच भाव' अशी पाटी आहे तिथं घासाघीस करू नका, दोघांचाही वेळ जातो. रस्त्यावरच्या स्टॉलवर भाव होतो. आणि भांड्यांच्या दुकानात तांबं-पितळ वजनावर मिळतं, तिथला हिशोब वेगळाच.

स्टॉलवर कुर्ती घ्यायची आहे असं धरू. दादा म्हणाले साडेचारशे. "अर्ध्यानं मागा" असं सगळे सांगतात, पण ते सगळीकडे लागू नाही. आधी काही न बोलता तशीच कुर्ती अजून दोन स्टॉलवर विचारा. तिथं चारशे आणि साडेतीनशे ऐकू आलं, तर तीनशेच्या आसपास सौदा व्हायला हरकत नाही. अडीचशेपासून सुरुवात करा. पण तिन्हीकडे साडेचारशेच ऐकलं, तर पन्नास-साठ रुपये सुटले तरी पुष्कळ. कानातले, पिना असल्या वीस-तीस रुपयांच्या वस्तूंवर एकेकीने भाव करण्यापेक्षा पाचजणींनी मिळून डझनाचा भाव विचारा. मात्र बोलायचं एकीनंच. एक घासाघीस करतेय आणि दुसरी मागून "किती छान आहे गं!" म्हणाली, की भाव तिथंच थांबला.

रीत सांभाळायची ती अशी. आपण सांगितलेल्या भावाला विक्रेता "घ्या" म्हणाला, तर वस्तू घ्यायची. मग "नको, बघते" म्हणणं वाईट दिसतं. सकाळच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. घ्यायचं नक्की असेल तरच त्या वेळी भाव करा. मालाला नावं ठेवू नका. आपल्या स्टॉलवर कुणी "पापड जाड आहेत" म्हणत दहा रुपये कमी करायला लावतं, तेव्हा कसं वाटतं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि मंडईत पालेभाजीची टोपली घेऊन बसलेल्या मावशींशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नये, असं माझं मत.

आता भांडी, कारण मोठे पैसे इथंच जातात. हंडा घ्यायचा असेल तर "केवढ्याला?" असं नाही, "किलोचा भाव काय, आणि मजुरी धरून की वेगळी?" असं विचारा. बऱ्याचजणी घरची जुनी भांडी मोडीत देतात. तिथं गोंधळ होतो. समजा हंडा ३ किलोचा आणि मोड २ किलोची. एक दुकानदार नव्याला ८५० रुपये किलो सांगतो आणि मोडीला ५५० देतो. दुसरा म्हणतो, "ताई, नवा ८०० ने देतो," पण मोडीला ४५० च. दुसरा स्वस्त वाटतो ना? पहिल्याकडे २५५० मधून ११०० वजा, म्हणजे १४५० द्यायचे. दुसऱ्याकडे २४०० मधून ९०० वजा, म्हणजे १५००. (दर रोज बदलतो, हे आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून.) म्हणून दोन्ही भाव आधी ठरवा, मगच मोड काट्यावर ठेवा. काटा शून्यावर आहे ना, ते बघा. नव्या हंड्याला लोखंडी कड्या असतील तर त्यांचं वजन तांब्याच्या भावाने मोजू देऊ नका. पक्कं बिल मागा, आणि जीएसटी भावात धरलाय का तेही आधीच विचारा.

मॉलमध्ये काउंटरवरच्या मुलीच्या हातात भाव नसतो. तिला "कमी करा ना ताई" म्हणून उपयोग नाही. तिथं लेबल वाचायचं. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, सगळे कर धरून. पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. घेतलाच तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ९९९ च्या कुर्तीवर 'निम्म्या किमतीत' लिहिलं असलं, तरी तुम्हाला ती पाचशेलाच पडते. तेव्हा तुलना तुळशीबागेतल्या तीनशेशी करा, ९९९ शी नाही. तांब्याची बाटली तिथं नगावर विकतात. वजन विचारून किंमत वजनाने भागली की किलोचा भाव कळतो.

मग मॉलचा फायदा काय? माप चुकलं तर बिल आणि लेबल दाखवून बहुतेक ठिकाणी ठरलेल्या दिवसांत कपडा बदलून मिळतो. स्टॉलवर तसं नसतं. म्हणून नवरदेवाचा शर्ट, मुलांचे कपडे अशी मापाची चूक होऊ शकते ती खरेदी मॉलमध्ये किंवा पक्कं बिल देणाऱ्या दुकानात करा. स्टॉलवर घ्यायचंच असेल तर घरातला मापाचा जुना कपडा पिशवीत टाकून न्या आणि तिथंच लावून बघा. कापडी पिशवी मॉलमध्येही लागेल, तिथं पिशवीचे पैसे वेगळे घेतात.