दाखल्याच्या फोटोत आकडा बदलता येत नाही, तेव्हा



वळसंग परिसरातल्या पालकांना जातीच्या दाखल्याचे अर्ज भरायला मी मदत करतो. हल्ली काही जण विचारतात, फोटो बदलणारे मोबाईलवरचे एआय अ‍ॅप जन्मदाखल्यावरचा चुकलेला आकडा का बदलून देत नाही? चूक तर खरीच आहे!

खरी चूक कोणाची आणि लबाडी कोणाची, हे अ‍ॅपला कळायला मार्ग नसतो. दोघे मागतात एकच. शिवाय दाखला म्हणजे नोंदवहीतल्या नोंदीचा उतारा. नोंद तशीच राहिली, तर बदललेला उतारा बनावटच ठरतो, मग आकडा खरा का असेना. पडताळणी करणारा शेवटी नोंदवहीच उघडतो.

समजा, मुलगी 2012 ची आणि दाखल्यावर 2013 पडले. जन्म गावात झाला असेल तर ग्रामपंचायतीत, सोलापूर शहरातल्या दवाखान्यात झाला असेल तर महानगरपालिकेत अर्ज करायचा. सोबत बाळंतपणाच्या वेळचा दवाखान्याचा कागद जोडावा. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे, खात्री पटल्यास निबंधक मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहून सही व तारीख घालतो. त्यावरून नवा दाखला मिळतो. शाळेत तारीख वेगळी आहे, एवढ्यावर मात्र भागत नाही. नोंद लिहितानाच चूक झाली हे दिसावे लागते.

चूक शाळेच्याच रजिस्टरात असेल, तर मुलगी शिकत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करा. शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि शाळा सोडल्यावर ती मिळवणे फार अवघड जाते.