सबस्क्रिप्शनचा बारा महिन्यांचा हिशेब

फ्रीलान्सरच्या सॉफ्टवेअर खर्चाची तपासणी बँक आणि कार्डाच्या बारा महिन्यांच्या स्टेटमेंटवरून करावी लागते. एका महिन्याचे पाहून भागत नाही, कारण डोमेन, होस्टिंग, फॉन्टचा परवाना यांचे पैसे बहुधा वर्षातून एकदाच कापले जातात. स्टेटमेंटवर सॉफ्टवेअरऐवजी मधल्या पेमेंट कंपनीचे नाव असते, म्हणून अनोळखी नोंद ईमेलमधल्या पावतीशी ताडून पाहावी. यूपीआय अ‍ॅपमधली ऑटोपेची यादी आणि फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधली सबस्क्रिप्शनही तपासावीत.

खर्च लिहायचा तो खात्यातून गेलेल्या रकमेचा, वेबसाइटवरच्या किमतीचा नव्हे. समजा, जीएसटी नोंदणी नसलेल्या एका डिझायनरने महिना 20 डॉलरचे परदेशी सॉफ्टवेअर घेतले आहे. डॉलर 85 रुपये धरला तर 1,700 रुपये होतात. विक्रेत्याने 18 टक्के जीएसटी लावला की 2,006. कार्डाचे परकीय चलन शुल्क साडेतीन टक्के असेल, तर ते आणि त्यावरचा जीएसटी मिळून आणखी 83 रुपये. म्हणजे महिन्याला सुमारे 2,090 आणि वर्षाला 25,000 रुपये.

या आकड्यापुढे कामे मांडली की खरे चित्र दिसते. ते सॉफ्टवेअर वर्षात पाचच कामांना लागले असेल, तर प्रत्येक कामावर 5,000 रुपयांचा बोजा पडतो. काम 8,000 रुपयांचे असेल, तर मेहनतीचे 3,000च उरतात. ही कामे दोन-तीन महिन्यांत एकवटली असतील, तर तेवढ्यापुरतेच सॉफ्टवेअर घेणे शहाणपणाचे. वार्षिक योजनेची सवलत इथे फसवी ठरते: दहा महिन्यांच्या दरात वर्ष मिळत असले, तरी दहा महिन्यांपेक्षा कमी वापर असेल तर ती महागच पडते. एकाच कामाची दोन साधने आणि सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या नावाचे लॉगिन यांचा मात्र फार विचार करू नये, ती लगेच बंद करावीत.

बंद करतानाच बहुतेकांची चूक होते. फोनवरून अ‍ॅप काढल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. ऑटोपे रद्द केल्याने पैसे कापले जाणे थांबते, करार मात्र तसाच राहू शकतो. काही कंपन्या वार्षिक करार मासिक हप्त्यांत विकतात आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या रकमेचा काही भाग मागतात. त्यामुळे आधी अटी वाचाव्यात, फायली उतरवून घ्याव्यात, मग कंपनीच्या खात्यात जाऊन रद्द करावे आणि तसा ईमेल जपून ठेवावा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या ई-मँडेटचे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने रक्कम व विक्रेत्याचे नाव कळवायचे असते, आणि तो व्यवहार नाकारण्याची सोयही द्यायची असते. फ्रीलान्सरांनी तो संदेश न वाचता पुसू नये.