हप्ता झेपेल का, हे दोन टक्क्यांनी तपासा

बंगळुरूच्या बसवनगुडीत फ्लॅटसाठी ८० लाखांचे कर्ज, वीस वर्षे, साडेआठ टक्के दराने घेतले, तर हप्ता सुमारे ६९,४०० रुपये बसतो. घरात दरमहा १,६०,००० रुपये येत असतील, तर हप्त्यानंतर ९०,६०० उरतात. आता दर साडेदहा आणि उत्पन्न १,४४,००० धरा. हप्ता ७९,९०० होतो आणि हाती ६४,१०० राहतात. उत्पन्न दहाच टक्क्यांनी घटले, पण घरखर्चाचा पैसा जवळजवळ तीस टक्क्यांनी आटला. शाळेची फी आणि सोसायटीचा मेंटेनन्स यातूनच भागवायचा.

दोन्ही संकटे एकदम कशाला येतील, असे कोणी म्हणेल. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि त्याच सुमारास बंगळुरूच्या स्टार्टअपांत नोकरकपातही झाली. बँक मुदत वाढवेल, हा दुसरा दिलासा. पण कर्ज नवे असताना साडेदहा टक्क्यांनी महिन्याचे व्याजच ७०,००० होते. जुना हप्ता तेवढेही फेडत नाही, उलट मुद्दल वाढते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार अशी मुदतवाढ चालत नाही, म्हणजे हप्ता वाढणारच. तो घटलेल्या उत्पन्नाच्या निम्म्यात बसवायचा, तर कर्ज ७२ लाखांपर्यंतच घ्यावे.