टाइलची पाठ आणि वॉरंटीचं मागचं पान

टाइलच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘ही व्हिट्रिफाइड आहे, पाणी पीतच नाही.’ त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. बाथरूम नव्यानं करायला निघालेल्यांनी उरलेलं अर्धं समजून घ्यावं, कारण बाथरूमच्या जमिनीवर पाय घसरतो तो टाइल पाणी पिते म्हणून नव्हे.

टाइल किती पाणी शोषते, हे तिच्या वजनाच्या टक्केवारीत सांगतात. व्हिट्रिफाइड टाइल 0.5 टक्क्यापेक्षा कमी शोषते. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल 10 टक्क्यांहून जास्त शोषते आणि भिंतीवर ते चालतं. समोरच्या ग्लेझमधून पाणी आत जात नाही आणि भिंतीवर वजनही पडत नाही. जमिनीवर मात्र कमी शोषणारी टाइल घ्यावी. ती अधिक घट्ट भाजलेली, म्हणून मजबूत असते आणि टवका उडाला तरी तिथं ओल धरत नाही.

कंपनी कोणतीही असो, नमुन्याची एक टाइल घरी आणून तपासता येते. समजा, कोरड्या टाइलचं वजन 1,500 ग्रॅम भरलं. चोवीस तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तोलल्यावर ते 1,545 झालं, तर तिनं 3 टक्के पाणी घेतलं. मग तिला व्हिट्रिफाइड म्हणता येणार नाही. प्रयोगशाळेत टाइल उकळून किंवा निर्वातात ठेवून मोजतात, त्यामुळे तिथला आकडा घरच्यापेक्षा थोडा जास्तच येतो. तेवढाही वेळ नसेल, तर टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाका. तो झटकन जिरला, तर टाइल शोषणारी आहे.

या गुणाची दुसरी बाजूही आहे. पाणी न पिणारी टाइल सिमेंटची स्लरीही धरत नाही. नुसत्या सिमेंटवर बसवलेली व्हिट्रिफाइड टाइल पुढे सुटते आणि ठोकली की पोकळ वाजते. तिच्यासाठी पॉलिमरयुक्त टाइल अधेसिव्हच हवं, आणि तो खर्च टाइलच्या भावात धरूनच दोन ब्रँडची तुलना करावी. जमिनीतून खाली गळणारं पाणी बहुतेक वेळा टाइलमधून नव्हे, सांध्यांतून आणि जाळीच्या कडेनं उतरतं. ते अडवायचं काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगचं.

आता पकड. कजारिया, सोमाणी, जॉन्सन, ओरिएंटबेल यांसारख्या कंपन्यांची माहितीपत्रकं समोर ठेवली, की शोषणाचा आकडा पटकन सापडतो, पकडीचा शोधावा लागतो. तो ‘आर’ अक्षरापुढे लिहितात. तेल टाकलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस किती अंशांपर्यंत न घसरता चालतो, त्यावरून ही श्रेणी ठरते: आर 9 म्हणजे 6 ते 10 अंश, आर 10 म्हणजे 19 पर्यंत, आर 11 म्हणजे 27 पर्यंत. आपण आंघोळ बुटात करत नाही, म्हणून अनवाणी पाय आणि साबणाचं पाणी यांची वेगळी चाचणी आहे. तिच्यात ए, बी, सी अशा चढत्या श्रेणी असतात. शॉवरखाली बी असावी. तो आकडा मिळाला नाही, तर निदान आर 10, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आर 11. त्याहून खरखरीत टाइल घरी नको. तिच्या खाचांत साबणाचा मळ बसतो आणि साफसफाई जिवावर येते.

पाच बाय आठ फुटांचं बाथरूम धरा. समोर दोन टाइल्स आहेत: एक गुळगुळीत व्हिट्रिफाइड, शोषण 0.1 टक्का, पकड आर 9. दुसरी मॅट सिरॅमिक, शोषण 4 टक्के, पकड आर 11. मी बिनदिक्कत दुसरी घेईन. मॅट व्हिट्रिफाइड बजेटात बसत असेल, तर प्रश्नच नाही.

वॉरंटीच्या बाबतीत टाइल आणि नळ यांची गत वेगळी. टाइलच्या खोक्यावर बहुधा छापलेलं असतं की बसवण्याआधी तपासा, नंतर तक्रार चालणार नाही. म्हणून सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच क्रमांक एकच आहे का, हे लावायच्या आधी पाहा आणि एक खोकं जास्त घेऊन ठेवा. नळांना मात्र काही वर्षांची वॉरंटी मिळते, आणि तिथं वर्षं मोजण्याआधी मागचं पान वाचावं. नळाची बॉडी, आतलं कार्ट्रिज, वरचा मुलामा आणि होज यांच्या मुदती वेगवेगळ्या असू शकतात. बोअरच्या पाण्याचे क्षार साचले किंवा अॅसिडनं नळ घासला, तर दावा बहुधा नाकारला जातो. बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी दहा वर्षांच्या छापील वॉरंटीपेक्षा कार्ट्रिज आपल्या गावात मिळतं का, हे आधी विचारावं.

सगळ्यात जास्त काळजी भिंतीत पुरलेल्या डायव्हर्टरची घ्यावी. त्याची बॉडी टाइलमागे जाते आणि बाहेरची मूठ साधारणपणे त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलची लागते. मॉडेल बंद झालं, तर सुट्या भागापायी टाइल फोडावी लागते. त्यामुळे डायव्हर्टरचा ब्रँड टाइलच्याही आधी ठरवा, त्याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील हे डीलरकडून लिहून घ्या, आणि प्लंबरनं पाइपांना दाब देऊन गळती तपासल्याशिवाय भिंतीवर पहिली टाइल लावू देऊ नका.