लाभांशाची तीन नावे

कंपनीने भागधारकांना लाभांश वाटला की वर्तमानपत्रात त्याचा आकडा येतो, आणि आकडा मोठा असला की कंपनीचे बरे चालले आहे असे आपण धरून चालतो. कारखान्याच्या दारातला कामगार तसेच म्हणतो आणि चार शेअर बाळगणारा पेन्शनरही तसेच म्हणतो. पण लाभांश एकाच जातीचा नसतो. अंतरिम, अंतिम आणि विशेष अशी त्याची तीन नावे आहेत आणि प्रत्येक नाव कंपनीबद्दल वेगळी गोष्ट सांगते. आम्ही मागण्यांच्या वाटाघाटींसाठी ताळेबंद वाचायला शिकलो. त्या वाचनातून हाती आलेले येथे मांडतो.

वर्ष संपले, हिशेब तपासले गेले, नफा ठरला, म्हणजे संचालक मंडळ लाभांशाची शिफारस करते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा तो मंजूर करते. हा अंतिम लाभांश. सभेला शिफारशीपेक्षा कमी देता येते, पण रूढ नियमावलीप्रमाणे जास्त देता येत नाही. वर्ष चालू असतानाच, तिमाहीचे आकडे पाहून, मंडळ आपल्याच अधिकारात जो देते तो अंतरिम लाभांश. त्याला सभेची वाट पाहावी लागत नाही. एकदा जाहीर झालेला लाभांश तीस दिवसांच्या आत भागधारकाच्या हाती पडला पाहिजे, असा २०१३ च्या कंपनी कायद्याचा दंडक आहे.

मग विशेष लाभांश कोणता? गंमत अशी की कायद्यात त्याचा वेगळा वर्ग नाही. कायद्याच्या दृष्टीने तो अंतरिम तरी असतो किंवा अंतिम तरी. ‘विशेष’ हा शब्द कंपनी आपण होऊन लावते आणि त्याचा अर्थ एवढाच की, ‘हे या खेपेचे आहे, पुढच्या वर्षी याची आशा धरू नका.’ आम्हा कामगारांना ही भाषा नवी नाही. पगारवाढ दिली की ती मागे घेता येत नाही. सानुग्रह रक्कम दिली की मालक मोकळा. नेहमीचा लाभांश पगारवाढीसारखा आहे, कारण तो घटवला की बाजार कंपनीकडे संशयाने पाहू लागतो. विशेष लाभांश सानुग्रह रकमेसारखा आहे.

एक उदाहरण नीट पाहू. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने २०२२-२३ या वर्षात दर शेअरला आठ रुपयांप्रमाणे तीन अंतरिम लाभांश दिले आणि वर्षअखेर २४ रुपयांचा अंतिम लाभांश दिला. हे झाले ४८ रुपये. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये तिसऱ्या अंतरिम लाभांशाबरोबर ६७ रुपयांचा विशेष लाभांश जाहीर केला. एकूण ११५ रुपये. त्या वर्षी कंपनीचा दर शेअरमागचा नफाही सुमारे ११५ रुपयेच होता. म्हणजे वर्षाची जवळजवळ सगळी कमाई वाटून टाकली.

शेअरची दर्शनी किंमत एक रुपया असल्यामुळे हाच ६७ रुपयांचा लाभांश ‘६,७०० टक्के’ असाही सांगता येतो. त्या टक्केवारीने डोळे दिपवून घेऊ नयेत. बाजारात तो शेअर तेव्हा ३,३०० रुपयांच्या आसपास होता. त्या भावावर ६७ रुपये म्हणजे दोनच टक्के. आणि हे दोन टक्के भागधारकाला वरकड मिळाले असेही नाही. पैसा कंपनीच्या तिजोरीतून त्याच्या खिशात गेला, तिजोरी तेवढी हलकी झाली. म्हणून लाभांशाचा हक्क सुटलेल्या दिवसापासून शेअरचा भाव साधारण तेवढ्याने उतरूनच उघडायला हवा.

आता पुढचीमागची वर्षे शेजारी ठेवून पाहा. विशेष लाभांश वगळला तर २०२१-२२ पासून चार वर्षांत या कंपनीचा लाभांश ४३, ४८, ५५ आणि ६० रुपये असा पायरीपायरीने चढला. विशेष लाभांश मात्र पहिल्या वर्षी काही नाही, मग ६७, मग १८, मग ६६. ज्या वर्षी तो नव्हता किंवा थोडा होता, त्या वर्षांत कंपनीने अनुक्रमे १८,००० आणि १७,००० कोटी रुपयांचे शेअर भागधारकांकडून परत विकत घेतले होते. पैसा परत करण्याची वाट तेवढी बदलली.

या दोन रांगा वेगवेगळ्या वाचायच्या. पहिली रांग म्हणजे दरसाल एवढे देऊ शकू, हा संचालकांचा विश्वास. दुसरी रांग म्हणजे तिजोरीत साचलेला, धंद्याला न लागणारा पैसा. या धंद्यात भट्ट्या नाहीत, खाणी नाहीत. नफ्याच्या मानाने यंत्रसामग्रीवरचा खर्च थोडा आणि पैसा रोखीने जमतो. तो परत करणे शहाणपणाचे असू शकते. पण त्याचा दुसरा अर्थही आहे: एवढी रक्कम गुंतवण्याजोगे मोठे काम संचालकांना समोर दिसत नव्हते. शिवाय मिळते कोणाला, तेही पाहावे. टाटा सन्सकडे तेव्हा सुमारे ७२ टक्के शेअर होते, म्हणजे विशेष लाभांशाच्या दर शंभर रुपयांतले ७२ एकाच दारी गेले.

मात्र नावावर विसंबून चालत नाही. त्याच २०२२-२३ मध्ये हिंदुस्तान झिंक या खाणउद्योगातल्या कंपनीने चार लाभांश दिले आणि चारही ‘अंतरिम’ नावाचे. त्यांची बेरीज दर शेअरला साडेपंचाहत्तर रुपये, एकूण सुमारे ३१,९०० कोटी. वर्षाचा नफा होता सुमारे साडेदहा हजार कोटी. म्हणजे नफ्याच्या तिप्पट वाटप झाले आणि वरचा पैसा पूर्वीच्या गंगाजळीतून निघाला. मागचा साठवलेला नफा वाटायला कायदा मुभा देतो, तेव्हा त्यात बेकायदा काही नाही. पण नाव काहीही असो, वाटप एकवेळचेच होते. गंगाजळी दुसऱ्यांदा तेवढीच रिकामी करता येत नाही.

तेव्हा मोठा लाभांश दिसला की वार्षिक अहवालातले रोख प्रवाहाचे पत्रक उघडावे. धंद्यातून आलेल्या रोखीतून यंत्रे आणि इमारती यांचा खर्च वजा करावा. उरलेल्या रकमेत लाभांश बसला, तर तो कमाईतून दिला. बसला नाही, तर ताळेबंदात गंगाजळी किती घटली आणि कर्ज किती वाढले ते पाहावे. जमीन किंवा एखादा विभाग विकून पैसा आला असेल, तर तेही त्याच पत्रकात दिसते. गंगाजळी घटत आहे, कर्ज वाढत आहे आणि यंत्रांवरचा खर्च आखडला जात आहे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की तो लाभांश उद्याच्या कारखान्यातून काढलेला आहे असे समजावे.

आमच्या कामगार बंधूंनी यातून एक हिशेब पक्का करावा. विशेष लाभांशाकडे बोट दाखवून कायमची पगारवाढ मागितली, तर मालकाचा वकील ‘ते एकवेळचे होते’ म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खरे असेल. त्या लाभांशावरून एकरकमी रक्कम मागावी. पगारवाढीसाठी बोट ठेवावे ते ४३, ४८, ५५, ६० अशा चढत्या रांगेवर. ती रांग संचालकांनी स्वतःच्या सहीने लिहिलेली असते.